जीडीत तुमच्या वाक्यानंतर काय होतं?

प्रश्न: मॅडम, मॅनेजमेंट ट्रेनीच्या निवडीसाठी माझ्या दोन जीडी, म्हणजे गटचर्चा, झाल्या आणि दोन्हींतून मी बाहेर पडले. पहिल्या वेळी बोलायला जागाच मिळाली नाही. मनात मुद्दे होते, पण आता शिरू, मग शिरू म्हणता म्हणता वेळ संपली. मैत्रिणी म्हणाल्या, सुरुवात तूच कर आणि आवाज खाली येऊ देऊ नकोस. दुसऱ्या वेळी तसंच केलं. सुरुवात माझी, सगळ्यांत जास्त बोलणं माझं, शेवटचा समारोपही माझाच. तरी यादीत नाव नाही, आणि माझ्यापेक्षा निम्मं बोललेला एक मुलगा पुढे गेला. आता तिसरी जीडी तोंडावर आहे. गप्प बसून चालत नाही, बोलून चालत नाही, मग करायचं तरी काय?

उत्तर: त्या निम्मं बोललेल्या मुलापासूनच सुरुवात करू, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा त्याच्याकडे आहे.

पॅनेलवर मी बरीच वर्षं बसले आहे. टेबलाच्या या बाजूला काय चालतं ते आधी सांगते. माझ्यासमोरच्या कागदावर एक गोल काढलेला असतो आणि त्याभोवती उमेदवारांचे नंबर. कोणी बोललं की त्या नंबरापाशी एक रेघ पडते. मुद्दा कामाचा असेल तर रेघेला अधिकचं चिन्ह, नुसतीच पुनरुक्ती असेल तर काही नाही. तिसरी खूण असते बाणाची, आणि ती उमेदवारांच्या ध्यानात सहसा येत नाही. ३ नंबर काही बोलला आणि पुढच्या माणसाने तोच धागा उचलला, त्याला विरोध केला किंवा त्यात भर घातली, तर त्या पुढच्या माणसापासून ३ नंबरकडे बाण जातो. प्रत्येक पॅनेलची पद्धत हीच असते असं नाही. कोणी रकाने आखून गुण देतं, कोणी नुसती टिपणं काढतं. पण बघायचं असतं ते हेच: या माणसाच्या बोलण्यानंतर चर्चा हलली की होती तिथेच राहिली?

पंधरा रेघा आणि एकही बाण नाही, असे कागद मी पुष्कळ पाहिले आहेत. तो उमेदवार बोलत राहिला आणि बाकीचे त्याचं संपण्याची वाट पाहत राहिले. तुमच्या दुसऱ्या जीडीचा कागद असाच काहीसा असावा, आणि त्या मुलाच्या चार-पाच रेघांकडे बाण वळलेले असावेत.

मैत्रिणींच्या सल्ल्यात तथ्य नाही असं मात्र म्हणणार नाही. कोणालाही नेता न नेमता माणसांना एकत्र बसवून पाहण्याची ही पद्धत सैन्याच्या अधिकारी-निवडीतून आली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन सैन्यातल्या मानसशास्त्रज्ञांनी ती वापरली, १९४२ पासून ब्रिटिश सैन्याच्या निवड मंडळांनी. पुढे १९५०च्या दशकात बर्नार्ड बास या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने अशा चर्चांचा अभ्यास केला. त्यात जो जास्त वेळ बोलतो त्याला निरीक्षक नेतृत्वाचे गुणही जास्त देतात, असं दिसलं. म्हणजे मौनाला गुण नाहीत, हे खरंच. पहिल्या वेळी तुम्ही तिथेच अडकलात. पण आजच्या बहुतेक पॅनेलांना हा कल ठाऊक असतो, म्हणून ती 'ऐकणं' आणि 'गटासोबत वागणं' यांचे वेगळे गुण ठेवतात. तुमच्या बोलण्याच्या प्रमाणाने एक रकाना भरला असेल, पण दुसरे दोन रिकामे राहिले असतील.

आता किती बोलायचं, याचा साधा हिशेब करू. १५ मिनिटांची चर्चा आणि १० उमेदवार असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला दीड मिनिट येतं. हे दीड मिनिट एकदम वापरायचं नसतं. पंधरा-वीस सेकंदांच्या चार-पाच खेपांत ते विभागलं की चर्चेच्या सगळ्या भागांत तुम्ही असता. दीडाची दोन मिनिटं झाली तरी बिघडत नाही. तीन मिनिटांच्या वर गेलात तर दहा जणांच्या गटातला पाचवा हिस्सा एकट्याने घेतलात. तेवढं घेणाऱ्याकडून पॅनेलच्या अपेक्षाही तेवढ्याच वाढतात. खालची मर्यादा सांगायची तर चौथ्या मिनिटाच्या आत तुमचं एक तरी वाक्य झालेलं असावं. उशीर झाला की दडपण वाढत जातं आणि मग पहिलंच वाक्य फार मोठं, फार महत्त्वाचं असावं असं वाटू लागतं. पहिल्या वेळी तुमचं हेच झालं असणार.

एक चर्चा सोबत घेऊन पुढे जाऊ, म्हणजे मोघम राहणार नाही. समजा, तुम्हाला असा कागद मिळाला: वॉशिंग मशीन बनवणारी एक कंपनी विक्रीनंतरची दुरुस्ती स्वतःच्या २०० तंत्रज्ञांकडून करते. तक्रार आल्यापासून मशीन दुरुस्त होईपर्यंत सरासरी ४ दिवस लागतात, स्पर्धकाला २ दिवस. या ४ दिवसांपैकी २ दिवस सुटा भाग येण्याची वाट पाहण्यात जातात. एका बाहेरच्या एजन्सीने हेच काम ३० टक्के कमी खर्चात करून देण्याचा प्रस्ताव दिला आहे. सुटे भाग मात्र कंपनीनेच पुरवायचे. सेवा स्वतःकडे ठेवावी की एजन्सीला द्यावी, हे गटाने ठरवायचं. वाचायला ३ मिनिटं, बोलायला १५. तुम्ही ६ नंबर.

त्या ३ मिनिटांत बहुतेक जण बाजू ठरवतात: मी 'स्वतःकडे' बोलणार, मी 'एजन्सी' बोलणार. तुम्ही ते करू नका. कागदावरचे आकडे एकमेकांशी लावून बघा. एजन्सी खर्च कमी करते आहे, पण दुखणं वेळेचंही आहे. आणि निम्मा वेळ भागाची वाट पाहण्यात जात असेल, तर माणसं कोणाचीही असोत, ते दोन दिवस तसेच राहणार. कागदातली गोम ही आहे. जवळजवळ प्रत्येक केसमध्ये अशी एक जागा असते जिथे विचारलेला प्रश्न आणि खरी अडचण यांच्यात फट असते. ती सापडली तर पुढची १५ मिनिटं तुमच्याकडे काहीतरी असतं. कोऱ्या कागदावर तीनच शब्द लिहा: 'खर्च, वेळ, भाग'. पूर्ण वाक्यं लिहिलीत तर ती वाचून दाखवण्याचा मोह होतो.

सुरुवातीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सुरुवात करणं ही जोखीम आहे आणि हातात काही असेल तरच ती घ्यावी. 'नमस्कार मित्रांनो, आजचा विषय आहे विक्रीनंतरची सेवा, आणि सेवा म्हणजे...' अशी सुरुवात झाली की आमच्यापैकी निम्मे जण घड्याळाकडे बघतात. विषय सगळ्यांनी वाचलेला असतो, व्याख्येची गरज कोणालाच नसते. चांगली सुरुवात गटाला तीन गोष्टी देते: ठरवायचं काय आहे, कशाच्या आधारे ठरवायचं आणि आधी कुठे बघायचं. एवढं देऊन ती थांबते. आपल्या केसमध्ये ती अशी होईल:

'आपल्याला एक शिफारस द्यायची आहे, ठेवायची की सोपवायची. कंपनीच्या अडचणी दोन दिसतात, खर्च आणि वेळ. एजन्सीचा प्रस्ताव मात्र खर्चाबद्दलच बोलतो. म्हणून आधी चार दिवस का लागतात ते पाहावं आणि मग खर्चाकडे यावं असं मला वाटतं. कोणाला उलट क्रमाने जायचं आहे का?'

वीस-पंचवीस सेकंद. यात तुम्ही बाजू घेतलेली नाही, त्यामुळे कोणाला तुमच्यावर तुटून पडायचं कारण नाही. भागांबद्दलची गोमही तुम्ही सगळी सांगून टाकलेली नाही, फक्त दार उघडून ठेवलं आहे. शेवटच्या प्रश्नामुळे पुढचा माणूस तुमच्या क्रमाला हो तरी म्हणतो किंवा नाही तरी म्हणतो, आणि दोन्ही वेळा बाण तुमच्याकडे येतो. एक मात्र पाळायचं: सुरुवात केलीत की पुढचे दोन-तीन जण बोलेपर्यंत पुन्हा तोंड उघडायचं नाही. सुरुवात करणाऱ्याची घसरगुंडी इथेच सुरू होते. आपण मांडलं, आता प्रत्येक आक्षेपाला आपणच उत्तर दिलं पाहिजे असं त्याला वाटत राहतं.

दोघांनी एकदम तोंड उघडलं तर सोडून द्या, आणि सोडताना हाताने 'तुम्ही बोला' अशी खूण करा. हरलात असं वाटायचं कारण नाही. पहिल्याची सुरुवात व्याख्येत अडकली, तर दुसरं किंवा तिसरं बोलणाऱ्याला खरी सुरुवात करायची संधी मिळते: 'विषय मांडून झाला आहे, तर आता निर्णय कशावर घ्यायचा ते ठरवू या.' खूप पॅनेल सदस्य याला पहिल्या सुरुवातीपेक्षा जास्त मानतात. मीही मानते. गट भरकटलेला ओळखून त्याला वाटेवर आणायला ऐकावं लागतं. नुसतं पहिलं बोलायला वेग पुरतो.

आता तुमचा जुना त्रास, शिरायचं कसं? 'हे थांबले की बोलते' असं तुम्ही ठरवत असणार. ते थांबतच नाहीत. साध्या गप्पांतही एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा भाग लागतो. निरनिराळ्या भाषांमध्ये मोजून पाहिलं तरी फरक थोडाच आढळला. एवढ्या वेळात वाक्य जुळवता येत नाही. म्हणजे पुढचा बोलणारा समोरच्याचं वाक्य संपण्याआधीच, ते कुठे संपणार हे ओळखून तयार असतो. तुम्हालाही तेच करायचं आहे. समोरचा उदाहरण देऊन झाला, 'त्यामुळे' म्हणून निष्कर्षाकडे वळला, किंवा आधी बोललेलंच पुन्हा बोलू लागला, की त्याचं वाक्य संपत आलं आहे. त्या क्षणी थोडं पुढे झुका, श्वास घ्या, त्याच्याकडे बघा आणि त्याच्या शेवटच्या शब्दाला लागूनच सुरू करा.

सुरुवातीचे तीन-चार शब्द आधीच ठरलेले असू द्या, आणि ते त्याच्या बोलण्याला जोडणारे असू द्या. 'हा ३० टक्क्यांचा आकडा धरला तर...', '४ नंबरने जे तंत्रज्ञांबद्दल म्हटलं, त्यात...' अशा सुरुवातीला गट वाट देतो, कारण त्यांचं चाललेलं बोलणंच तुम्ही पुढे नेत आहात असं त्यांना ऐकू येतं. 'पण माझं म्हणणं असं आहे की' या सुरुवातीला वाट मिळत नाही. ते ऐकताच ज्याचं बोलणं संपत आलं होतं तोही पुन्हा सुरू होतो. एकदा प्रयत्न फसला तर आवाज चढवू नका, एक खेप जाऊ द्या. आणि त्या मधल्या वेळात चर्चा तुमच्या मुद्द्याच्या पुढे निघून गेली, तर मुद्दा सोडून द्या. हे जिवावर येतं. पण 'मला मघाशी सांगायचं होतं' म्हणून गटाला मागे ओढणारी वाक्यं बाणाशिवाय पडतात.

इथेच आणखी एक सापळा आहे. आपला मुद्दा मनात घोळवत पाळीची वाट पाहणारा माणूस ऐकणं थांबवतो. म्हणून मुद्दा मनात धरून ठेवू नका. एक शब्द कागदावर टाका आणि कान मोकळे करा. कागदाची दोन भागांत घडी घाला: डावीकडे दुसरे काय म्हणाले ते नंबरासह, उजवीकडे तुमचं. डावी बाजू उजवीपेक्षा जास्त भरलेली असली की समजा, बरं चाललं आहे. समारोपाच्या वेळी डावीच बाजू कामी येते.

चर्चा मधल्या टप्प्यात कशी जाते ते पाहू. समजा, पाचव्या मिनिटाला २ नंबर म्हणतो, 'एजन्सीकडे दिलं की स्पर्धा येते, काम लगेच होतं.' ८ नंबर म्हणतो, 'नाही, आपल्या माणसांना ग्राहकाबद्दल आपुलकी असते.' मग दोन मिनिटं 'आपुलकी' विरुद्ध 'व्यावसायिकता' अशी हमरीतुमरी चालते. तीन नवे आवाज येतात, पण माहिती एकही नवी येत नाही. तुमची जागा इथे आहे: '२ आणि ८ नंबर दोघेही तंत्रज्ञ कोणाचा याबद्दल बोलत आहेत. पण चारपैकी दोन दिवस तंत्रज्ञ हातावर हात ठेवून बसला आहे, कारण भाग आलेला नाही. भाग तर दोन्ही पर्यायांत कंपनीच देणार. मग एजन्सीला दिलं तरी हे दोन दिवस कसे कमी होतील?'

पाहा, इथे कोणाला चूक ठरवलेलं नाही. दोघांच्या बोलण्यामधली न पाहिलेली गोष्ट पुढे ठेवली आणि प्रश्नावर थांबलात. याच्यानंतर कोणीही काहीही बोललं तरी ते या प्रश्नाबद्दलच असणार. बहुधा कोणीतरी म्हणेल, 'मग भागांचा साठा प्रत्येक केंद्रावर ठेवू.' दुसरा म्हणेल, 'साठ्यात पैसा अडकतो.' झालं, चर्चा हलली. आता तुम्ही दोन खेपा गप्प बसलात तरी कागदावर तुमचं नाव आहे. त्या शांततेला कोणी मौन म्हणत नाही.

हाच मुद्दा नवव्या मिनिटाला पुन्हा, अकराव्याला पुन्हा मांडलात तर मात्र त्याचं मोल उतरत जातं. एकदा रुजलेला मुद्दा दुसऱ्यांच्या तोंडून येऊ द्या. पुढची खेप वेगळ्या कामासाठी वापरा. आकडा तपासा ('३० टक्के बचत पहिल्या वर्षापासून धरायची का? २०० तंत्रज्ञांचं काय करायचं, त्याचा खर्च यात कुठे आहे?'), दोन सूचना जोडा, किंवा अडलेल्याला वाट द्या.

या शेवटच्याबद्दल दोन शब्द. '७ नंबर, तुम्ही काही बोलला नाहीत, तुमचं मत सांगा,' हे वाक्य कुठल्याशा शिकवणीत सांगतात वाटतं, कारण प्रत्येक जीडीत ते कानावर येतं. त्याने ७ नंबर अवघडतो. त्याला मुद्दा नसेल तर चारचौघांत त्याची फजिती होते, आणि आम्हाला दिसतं की तुम्ही त्याचा उपयोग स्वतःच्या गुणांसाठी केलात. वाट द्यायची ती खरंच बोलू पाहणाऱ्याला: '७ नंबर मघाशी साठ्याच्या खर्चाबद्दल काही म्हणत होते, ते अर्धवट राहिलं.' हे म्हणायला तुम्ही त्याला ऐकलेलं असावं लागतं. म्हणून ते खोटं करता येत नाही, आणि म्हणूनच त्याला किंमत आहे.

गटात एखादा रेटून बोलणारा असतोच. त्याच्याशी आवाजाची स्पर्धा करू नका, त्यात दोघंही जाता. 'तुम्ही कोणाला बोलूच देत नाही' असं ऐकवूही नका. खरं असलं तरी ते भांडण होतं. त्याचं बोलणं मोजून त्याच्या पदरात घाला: 'तुमचे दोन मुद्दे आले, बचत आणि वेग. वेगावर आपण बोललो आहोत. बचतीबद्दल १० नंबरचं ऐकू या, त्यांच्याकडे आकडा आहे.' माणसाला आपलं ऐकलं गेलं असं वाटलं की तो बहुतेक वेळा थांबतो. नाहीच थांबला तर पॅनेलला ते दिसतं आहे. सगळेच एकदम बोलू लागून मासळी बाजार झाला, तर मध्ये पडून उपयोग नाही. दहा सेकंद थांबा, कोणीतरी दमतंच. मग हळू आवाजात, पण ठाम, एकच छोटं वाक्य: 'साठा की एजन्सी, आधी एकच घेऊ.'

आपणच रेटत आहोत का, हे ओळखायची तुमच्यासाठी एक खूण सांगते. लोक एकमेकांशी न बोलता फक्त तुमच्याशी बोलू लागले, प्रत्येक वाक्यानंतर सगळ्यांच्या नजरा तुमच्याकडे वळू लागल्या, तर ते सुखद वाटतं, पण धोक्याचं आहे. चर्चा संपून तुमची मुलाखत सुरू झाली आहे. अशा वेळी आलेल्या प्रश्नाला स्वतः उत्तर न देता, ज्याच्या मुद्द्याशी तो जुळतो त्याच्याकडे वळवा. तुमच्या दुसऱ्या जीडीत हे कधी सुरू झालं असेल, ते आठवून पाहा. माझा अंदाज, दुसऱ्या किंवा तिसऱ्या मिनिटाला.

बोलताना बघायचं गटाकडे. पॅनेलकडे पाहून भाषण देणारा उमेदवार गटातून आपोआप बाहेर पडतो. भाषा अडली तर वाक्य लहान करा. पेहराव, बसण्याची ढब वगैरेंबद्दल इतकं लिहून आलेलं आहे की मी भर घालत नाही.

आता समारोप. शेवटच्या मिनिटाला सगळेच त्यावर झेपावतात, आणि तुम्हाला वाटलं होतं त्याहून त्याचं वजन कमी आहे. मला विचाराल तर आठव्या-नवव्या मिनिटाचा छोटा आढावा जास्त कामाचा: 'आतापर्यंत दोन गोष्टी नक्की झाल्या. भागांची अडचण दोन्ही पर्यायांत आहे, आणि एजन्सीची बचत तपासून घ्यावी लागेल. उरलं ते साठ्याचा खर्च, त्यावर बोलू.' बारा-पंधरा सेकंद लागतात, कोणी झटापट करायला येत नाही आणि उरलेल्या सहा मिनिटांना दिशा मिळते. समारोपाचे बरेचसे गुण असे मध्येच मिळवता येतात.

शेवटचा समारोप तुमच्याकडे आलाच तर तो तीस ते चाळीस सेकंदांत संपवा. त्यात नवा मुद्दा नको, आणि तो गटाचा हवा. मी पाहिलेले बहुतेक फसलेले समारोप म्हणजे बोलणाऱ्याची स्वतःची बाजू, फक्त 'आपण सर्वांनी ठरवलं' अशा शब्दांत. गटातले चेहरे लगेच सांगतात की हे ठरलं नव्हतं. आपल्या केसचा प्रामाणिक समारोप असा होईल:

'बहुतेकांचं म्हणणं असं आलं की आधी भागांचा साठा केंद्रांवर न्यावा, कारण दोन दिवस तिथे जातात आणि एजन्सीने ते कमी होत नाहीत. ७ नंबरने साठ्यात पैसा अडकेल हे दाखवलं, म्हणून सर्वाधिक लागणाऱ्या भागांपासून सुरुवात करायची. २ आणि ९ नंबर अजूनही एजन्सीच्या बाजूने आहेत. त्यांचा मुद्दा बचतीचा आहे आणि तो निकाली निघालेला नाही. म्हणून शिफारस अशी: सेवा तूर्त स्वतःकडे, साठा बदलून वेळ मोजायचा, आणि मग एजन्सीचा प्रस्ताव तंत्रज्ञांचा खर्च धरून पुन्हा तपासायचा.'

२ आणि ९ नंबरचा विरोध त्यात आहे तसा आला, हे लक्षात घ्या. एकमत झालं नसेल तर 'झालं नाही' हेच गटाचं मत. समारोप दुसऱ्याने पळवला तर भांडू नका. त्याने काही गाळलं असेल तर एका वाक्यात घाला: 'एक राहिलं, ९ नंबरची बचतीची हरकत.' कधीकधी पॅनेल प्रत्येकाला एकेक वाक्यात समारोप करायला सांगतं. तुमची पाळी शेवटी आली आणि सगळं बोलून झालं असेल, तर न सुटलेला प्रश्न कोणता, तो सांगा. तेवढं एक वाक्य बहुधा कोणाच्याच हाती लागलेलं नसतं.

तिसऱ्या जीडीपूर्वी एक तालीम करा, पण वक्तृत्वाची नको. सहा-सात जणी जमा, एखादी केस घ्या आणि १५ मिनिटं फोनवर रेकॉर्ड करा. मग ऐकताना मी सुरुवातीला सांगितलेला कागद स्वतः भरा: रेघ, अधिक, बाण. स्वतःची प्रत्येक खेप किती सेकंदांची झाली ते लिहा, आणि ती ज्या शब्दांनी सुरू झाली ते पहिले चार शब्दही लिहा. 'मला वाटतं', 'पण माझं म्हणणं' यांनी सुरू झालेल्या खेपा आणि दुसऱ्याच्या मुद्द्याने सुरू झालेल्या खेपा वेगळ्या मोजा. मग बाण कुठल्या खेपांकडे आले ते पाहा. त्यात ज्या मैत्रिणीने तुम्हाला आवाज खाली येऊ देऊ नकोस असं सांगितलं, तिलाही बसवा. तिच्या कागदावर किती बाण निघतात तेही कळेल.